आठ वर्षांखाली देऊ नये

ग्रामीण रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीमागे मी सत्तावीस वर्षं बसले आहे. सरकारी कागदावर माझ्या पदाचं नाव औषध निर्माण अधिकारी. निर्माण मी काही करत नाही. खोक्यातून गोळ्या काढते, डॉक्टरांनी खरडलेलं वाचते, आणि सकाळी किती, संध्याकाळी किती ते माणसांच्या भाषेत सांगते. त्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीत हात जाईल एवढी फट आहे. बाहेरच्याला माझे हात नीट दिसतात, तोंड अर्धवट दिसतं. मला नोकरीतली ही एकच सोय मनापासून आवडली.

कारण माझे दात. वरचे पुढचे सगळे दात करड्या-तपकिरी पट्ट्यांचे आहेत. लहानपणी मला सारखा कान फुटण्याचा आणि खोकल्याचा त्रास होता. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात आठवड्यातून दोनदा एक कंपाउंडर सायकलवर यायचा आणि प्रत्येक वेळी पिवळी पूड मधात कालवून द्यायचा. ती टेट्रासायक्लिन होती, हे मला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सातव्यापर्यंत मी ती किती वेळा चाटली असेन याचा हिशोब कोणी ठेवला नाही. दुधाचे दात पडून नवे आले ते आधी पिवळे आले. ऊन लागत गेलं तसे करडे होत गेले. आई चुलीतली राख घेऊन घासायची, हिरड्या सोलायच्या, दात तसेच. घासून जाणार कसे? डाग वर नव्हताच. दात हाडाच्या आत तयार होत होते तेव्हाच ते औषध चुन्यासारखं त्यांच्यात बसलं होतं.

मुलगी बघायला लोक यायचे तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मी तोंड मिटून उभी राहायची. एकदा एका पाहुणीनं माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, “पोरगी गुडाखू घासते का व?” गुडाखू म्हणजे तंबाखूची काळी पेस्ट, आमच्याकडच्या पुष्कळ बायका ती दातांना लावतात. दुसऱ्या घरच्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते असं गावभर सांगितलं. आयुष्यात मी सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. अकरा ठिकाणांहून नकार आला. बाराव्यानं होकार दिला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. तो भला माणूस आहे, पण लग्नाच्या एकाही फोटोत मी हसलेली नाही.

एवढं सांगायचं कारण, पुढे मी जे केलं ते दुष्टपणानं केलं नाही. दुष्टपणानं केलं असतं तर बरं झालं असतं, माणूस स्वतःला शिव्या देऊन मोकळा होतो.

नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात मी टेट्रासायक्लिन आणि तिची धाकटी बहीण डॉक्सिसायक्लिन यांच्या डब्यांवर लाल शाईनं चिठ्ठी डकवली होती. “८ वर्षांखाली देऊ नये.” पुस्तकात तसंच होतं. औषधाच्या वेष्टनात घडी घालून येतो त्या कागदावर तसंच होतं. शाई फिकी झाली की मी परत गिरवायची. डॉक्टर येत, बंधपत्राचं वर्ष काढत, बदली घेऊन जात. चिठ्ठी तिथेच राहिली. कोणी चुकून लहान पोराला डॉक्सी लिहिलं की मी कागद परत पाठवायची आणि ते निमूट बदलून द्यायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता. धान गर्भात होतं, धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, कमरेएवढं गवत माजलं होतं, आणि तापाच्या पेशंटची रांग गेटपर्यंत जायची. दरेकशाकडच्या जंगलालगतच्या एका टोलीवरून, दहा-बारा घरांच्या वस्तीवरून, एक बाई आली. कडेवर चारपाच महिन्यांची तान्ही, आणि हाताला धरून चार वर्षांची मोठी पोरगी. पोरगी बारा किलोची. सहा दिवस ताप. गावातल्या खाजगी डॉक्टरनं दोन सुया टोचून झाल्या होत्या. आमच्याकडे मलेरिया निघाला नाही, डेंगू निघाला नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एक पोरगेला डॉक्टर आला होता, लातूरकडचा, रुजू होऊन दोन महिने झालेले. हळू बोलायचा, पेशंटला हात लावून तपासायचा, त्यामुळे त्याची रांग कधी सरायची नाही. त्यानं पोरीच्या सुजलेल्या पापण्या पाहिल्या, पोट दाबून यकृत वाढल्याचं पाहिलं, आई गवत कापते आणि पोरगी धुऱ्यावर बसून खेळते हे विचारून घेतलं. त्याला स्क्रब टायफसची शंका आली. गवतात डोळ्याला दिसणार नाही एवढा किडा असतो, त्याच्या पिल्लाच्या चावण्यातून हा ताप येतो. चावताना दुखत नाही. चावल्या जागी बहुतेकदा विडीच्या चटक्यासारखी काळी खपली धरते, पण ती काखेत, जांघेत, कानामागे, कुठेही लपलेली असते. त्यानं रक्त गोंदियाला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता कागदावर डॉक्सिसायक्लिन लिहिलं. दिवसातून दोनदा, सात दिवस.

बाईनं कागद फटीतून आत सरकवला. मी वय वाचलं आणि कागद घेऊन तशीच उठले.

“सर, चार वर्षांची आहे.”

“हो मॅडम. तरी द्या. स्क्रब वाटतो. यात वय बघत नाहीत आता.”

“आता म्हणजे? दात आता बदलले का?”

तो थोडा गोंधळला. म्हणाला, डॉक्सी जुन्या टेट्रासायक्लिनसारखं नाही, कॅल्शियमला कमी चिकटतं, आठवड्याभराच्या कोर्सनं काही होत नाही, आम्हाला वॉर्डात असंच शिकवलं. बोलताना त्यानं आवाज आणखी खाली नेला, कारण बाई माझ्या मागे येऊन दारात उभी होती. इथे मी थांबायला हवं होतं. वीस वर्षांचा अनुभव, गाढवासारखा वाहिलेला, तो थांबू देईना. मी बाईकडे वळले आणि जे मी नवऱ्यापुढेही कधी केलं नव्हतं ते केलं. ओठ बोटांनी वर ओढून माझे सगळे दात तिला दाखवले.

“हे पाय. मले लहानपणी असलंच औषध देल्लं होतं. पोरीचे दात असे पाह्यजे का तुले?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पोरीच्या तोंडाकडे. पोरीचे दात खरंच फार सुंदर होते, बारीक, एका ओळीत लावलेले. बाई म्हणाली, “नोको जी. उद्या पोरीचं लगन कोन करन? दुसरं कोनतं देऊन टाका साहेब.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर साठ माणसं उभी होती, आणि समोर त्याच्या आईच्या वयाची मी, उघड्या तोंडानं. या तापावर चालणारं दुसरं औषध, अझिथ्रोमायसिनचं सिरप, पंधरा दिवसांपासून आमच्याकडे नव्हतं. त्यानं लिहिलेलं खोडलं आणि सेफिक्झिमचं सिरप लिहिलं. भरती हो म्हणाला, तर बाई म्हणे घरी गुरं आहेत, पोरगी चालते-फिरते, पाणी पिते. परवा नक्की आण, रिपोर्ट येईल, असं त्यानं तिला तीनदा बजावलं. मी सिरपच्या बाटलीवर खुणेची रेघ मारून दिली. पोरीनं बाटली दोन्ही हातांनी धरली होती. मला त्या दिवशी जेवण छान गेलं.

सेफिक्झिम वाईट औषध नाही. टायफॉईडला चालतं. पण स्क्रबचा जंतू पेशीच्या आत शिरून बसतो, तिथे त्याचं काहीच चालत नाही. म्हणजे मी त्या पोरीला दोन दिवसांसाठी गोड पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाई धावतच आली. पोरगी खांद्यावर लोंबत होती. श्वास भरभर, तोंड सुजलेलं, हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची. गोंदियाहून रिपोर्ट आला होता, स्क्रब पॉझिटिव्ह. खरं तर रिपोर्ट आला नसता तरी आता कळलंच असतं, कारण सिस्टरनं सलाईन लावताना पोरीचा कमरेचा करदोडा कापला. काळा, जाड, नजर लागू नये म्हणून पाचवीला बांधलेला. तो लहान पोरांचा कोणी सोडत नाही, डॉक्टरही त्याला सहसा हात लावत नाहीत. त्याच्या खाली, काळ्या दोऱ्यामागे काळी खपली होती. वाटाण्याएवढी.

“मॅडम, डॉक्सी,” डॉक्टर दारातून म्हणाला. एवढंच. मी डब्यातून गोळी काढली तेव्हा लाल चिठ्ठी माझ्या बोटाखाली होती. गोळी पाण्यात विरघळवली, पिचकारीत मापून घेतली. सिस्टरनं नाकातून नळी घातली होती, तिच्यातून ते औषध गेलं. बाई शेजारी उभी राहून सगळं बघत होती. अर्ध्या तासात एकशे आठची गाडी आली आणि त्या दोघी, तान्हीसकट तिघी, गोंदियाला गेल्या. तिथे त्यांनी करायचं ते सगळं केलं. संध्याकाळी फोन आला की पोरगी गेली.

डॉक्टर मला काही बोलला नाही. त्यानं बोलावं म्हणून मी दोन दिवस त्याच्या समोरून चार-चार वेळा गेले. शेवटी मीच विचारलं, तेव्हा केसपेपरकडे बघत म्हणाला, “मी लिहिलं होतं. मी खोडायला नको होतं.” मला कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं. पुढल्या मार्चला त्याचं वर्ष संपलं आणि तो गेला. निरोपाच्या कार्यक्रमात मी साडीत, पदर तोंडाशी, मागच्या खुर्चीवर बसले होते.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. नागपूरहून एक म्हातारे बालरोगतज्ज्ञ आले होते. त्यांनी स्क्रबवर बोलताना सांगितलं, लहान पोरांत शंका आली तरी डॉक्सी सुरू करा, वय कितीही असो, रिपोर्टची वाट बघू नका, एकेक दिवस महाग पडतो. मी हात वर केला. विचारलं, दातांचं काय? ते चिडले नाहीत. म्हणाले, बाई, ती भीती खोटी नव्हती, पण ती दुसऱ्या औषधाची होती. जुनं टेट्रासायक्लिन, आणि तेही पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने दिलेलं. डॉक्सी त्याच घरातलं म्हणून त्याच्या माथी तोच शिक्का बसला. लहानपणी डॉक्सीचे छोटे कोर्स घेतलेल्या मुलांचे दात नंतर तपासून पाहिले आहेत, डाग सापडले नाहीत. तीन आठवड्यांच्या आतला कोर्स आता कुठल्याही वयात चालतो असं मानतात. जास्त दिवस द्यायचं असेल, वारंवार द्यायचं असेल, तर आठ वर्षांखाली अजूनही विचार करायचा. साध्या सर्दी-खोकल्याला तर द्यायचंच नाही. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी बोलताना तोंडावर हात धरायला विसरले होते. खालच्या आवाजात म्हणाले, “तुमचं जुनं आहे ना?”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. कोणासाठी रडले ते सांगता येणार नाही. त्या पोरीसाठी म्हणावं तर त्यात माझी स्वतःचीच कीव जास्त होती. आणि रागही होता. हे सगळं जर कोणाला ठाऊक होतं, तर माझ्या खिडकीपर्यंत का आलं नाही? वेष्टनातला कागद तर आजही उलगडून पाहावा, आठ वर्षांखाली नको म्हणतो. पण कागदावर राग काढण्यात अर्थ नाही. लातूरच्या पोरानं मला बरोब्बर हेच सांगितलं होतं, आणि मी त्याला दात दाखवले होते.

डब्यावरची चिठ्ठी मी नखानं खरवडून काढली. नवी लिहिली नाही. मला आता माझ्याच अक्षराची भीती वाटत होती.

दोन वर्षं गेली. कोरोना आला, तोंडावर मास्क आला. सगळं जग त्याला वैतागलं, मी एकटी सुखी झाले. मास्क लावून मी पहिल्यांदा लोकांशी डोळ्याला डोळा देऊन बोलायला शिकले, जाळीतून वाकून हसायलासुद्धा. तोच पावसाळा सरत होता, तेच धुऱ्यावरचं गवत, तीच तापाची रांग. एका दुपारी आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी मला ओपीडीत बोलावलं.

“मॅडम, या बाईला जरा समजावा. तुमच्या भाषेत. ऐकतच नाही.”

बाकावर ती बसली होती. मी तिला लगेच ओळखलं. मांडीवर अडीच वर्षांची पोरगी, म्हणजे तेव्हाची तान्ही. दहा किलोची. पाच दिवस ताप, काखेत काळी खपली, डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलेली. पोरगी ग्लानीत नव्हती, पण कुरकुरत होती, ओठ वाळले होते. आणि हातात डॉक्सीचा कागद.

तिनं मला ओळखलं नाही. मास्क होता.

“भरती करा, सलाईन लावा, सुया द्या. मी नाही म्हनत नाही,” ती म्हणाली. “पन हे औषध नोको. माह्या मोठ्या पोरीले हेच देल्लं होतं, नाकातून. गोंदियाले नेऊन राहिलो तं रस्त्यातच तिचे डोये फिरले. सांजच्याले मेली. इथल्याच एका बाईनं सांगतलं होतं का हे औषध वाईट हाय. तिचं आयकलं असतं तं शेवटी बी देऊ देल्लं नसतं.”

दोन वर्षं मी स्वतःला समजावलं होतं की त्या बाईला आतापर्यंत सगळं कळलं असेल, ती मला शिव्या देत असेल. उलट ती माझी आठवण चांगली म्हणून धरून बसली होती. त्या सगळ्या इमारतीत तिच्या पोरीची काळजी केलेली एकच बाई तिला आठवत होती, आणि ती मी होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सिरप आहे का अझिथ्रोचं?” नव्हतं. मी तिथून उठून जाऊ शकत होते. आशा ताईला बोलवा म्हणू शकत होते. पोरीला भरती करून संध्याकाळपर्यंत सिरप मागवू म्हणू शकत होते, आणि मागवलंही असतं कदाचित. पण गेल्या खेपेलाही माझ्यामुळे दोनच दिवस गेले होते. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि मास्क खाली केला.

तिनं माझ्या दातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुमीच हाय व त्या.”

“हो. मीच होती.” मी स्टूल आणखी पुढे घेतलं. “आता मी जे सांगतो ते आयक. मग मले का म्हनाचं ते म्हन. तुही पोरगी या औषधानं नाही मेली. हे औषध तिले पयल्याच दिवशी द्याचं होतं. साहेबानं लिव्हलं होतं. मी देऊ देल्लं नाही. मी चुकली होती. मले जुनंच ठाऊक होतं. हे माहे दात दुसऱ्या औषधानं झाले, तेबी लय वर्सं खाल्लं म्हनून. साहेबाचं आयकलं असतं तं पोरगी वाचली असती.”

शेवटचं वाक्य खरं तर मला खात्रीनं माहीत नाही. कोणालाच नसतं. डॉक्टरीणबाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. पण अर्धवट सांगून ती ऐकणार नव्हती, आणि मला स्वतःला “कदाचित” म्हणायची लाज वाटली.

ती रडली नाही. पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, तो हात तिनं काढला नाही. मग म्हणाली, “आन मी तुमाले देवी समजून राहिली होती. घरी सांगत होती, गवर्मेंटच्या दवाखान्यात एक बाई भेटली, सोताचे दात दाखवले बिचारीनं.”

तिनं हातातला डॉक्सीचा कागद पुन्हा पाहिला.

“काऊन सांगतलं मंग आज? नसतं सांगतलं तं मले कुठं समजत होतं?”

“ही धाकटी हाय म्हनून.”

ती उठली. मला वाटलं, पोरगी घेऊन निघाली. ती उठून खिडकीपाशी गेली आणि कागद फटीतून आत सरकवून उभी राहिली. आत कोणीच नव्हतं, मी तर इकडे होते. मी जवळपास पळतच आत गेले.

शंभरची विरघळणारी गोळी. दहा मिली पाण्यात पूर्ण विरघळू दिली, पिचकारीत सव्वादोन मिली ओढलं. पोरीला उभं धरून मी स्वतः पाजलं, वर घोटभर पाणी दिलं, कारण हे औषध घशात अडकलं तर जळजळतं. सोबत दूध देऊ नको, सकाळ-संध्याकाळ इथेच देऊ, ताप उतरला तरी कोर्स पुरा करायचा, हे सगळं सांगितलं. ती मान हलवत होती, माझ्याकडे बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप खाली यायला लागला. तिसऱ्या दिवशी पोरीनं वॉर्डात बिस्किटासाठी भोकाड पसरलं आणि सिस्टर मुद्दाम मला सांगायला आली. सातव्या दिवशी सुट्टी झाली. बाई जाताना खिडकीशी आली नाही. यावं असं मी काही केलंही नव्हतं.

त्यानंतर ती पाच वर्षं दिसली नाही. मी मात्र मनातल्या मनात हिशोब करत राहिले. अडीच वर्षांची होती तेव्हा हिरडीच्या आत पुढचे पक्के दात तयार होत होते. ते सहाव्या-सातव्या वर्षी बाहेर येतात. शास्त्र मला पाठ झालं होतं, म्हाताऱ्या डॉक्टरांचे शब्द पाठ झाले होते, त्यानंतर किती तरी लहान पोरांना मी याच हातांनी डॉक्सी दिलं होतं. तरी आरशात तोंड धुताना रोज वाटायचं, त्या पोरीचे दात कसे आले असतील? पिवळे आले असतील का? जन्मभराची भीती प्रशिक्षणानं जात नाही.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रांग ओसरल्यावर खिडकीसमोर एक बाई उभी राहिली. हातात कागद नव्हता. केस कानांवर पांढरे झाले होते. शेजारी शाळेच्या गणवेशातली पोरगी, जाळीपर्यंत जेमतेम पोचणारी.

“मास्क काढला जी तुमी,” ती म्हणाली.

“आता कोणी लावत नाही ना.”

तिनं पोरीची हनुवटी धरली आणि फटीसमोर वर केली. “आ कर. बाईले दाखव.”

पोरगी लाजली, मग तिनं तोंड उघडलं. खाली चार, वर दोन दात नवे आले होते. मोठे, कडेला करवतीसारखे, अजून अर्धे हिरडीत. मी टेबलावरची बॅटरी घेतली आणि जाळीतून प्रकाश टाकून एकेक दात पाहिला. वर, खाली, आतून. कुठेही पट्टी नव्हती. दुधासारखे पांढरे होते.

“चांगले आले,” मी म्हणाले, आणि तोंडावर हात न धरता हसले.

ती हसली नाही. पोरीचं तोंड हळूच मिटवून तिनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

“तुमी पाह्यसान म्हनून आणली,” ती म्हणाली. “मोठीचा तं एकबी दात पडला नोता.”

मग ती पोरीचा हात धरून गेटकडे गेली. मी बॅटरी विझवली नव्हती, ती टेबलावर तशीच जळत होती. रांगेत कोणीतरी नवं आलं आणि फटीतून कागद आत आला. मी आधी वय वाचलं.